लग्नानंतर कुठे राहायचं, हे विचारायचं कसं

वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात आणि घरोघरी फिरणाऱ्या बायोडेटात 'अपेक्षा' असा एक रकाना असतो. मुलाकडचे तिथे लिहितात, 'परदेशी राहण्याची तयारी असावी'. मुलीकडचे लिहितात, 'पुणे-मुंबई प्राधान्य'. काही मुली 'कुठेही चालेल' असंही लिहितात, कारण तसं लिहिलं नाही तर स्थळं येत नाहीत, असं त्यांना मावशीने किंवा मंडळातल्या बाईंनी सांगितलेलं असतं. पुढे पाहण्याच्या कार्यक्रमात, पोह्यांच्या बशा हातात असताना, तोच मजकूर प्रश्न होऊन येतो. "मग, तिकडे जायची तयारी आहे ना?" मुलगी हो म्हणते, सगळ्यांना हायसं वाटतं आणि बोलणं मानपानाकडे वळतं.

या होकारावर संसार उभा करता येत नाही, असं मला ठामपणे वाटतं. मुलगी खोटं बोलते असं नाही. तिला ज्या गोष्टीबद्दल विचारलं, ती गोष्टच तिच्यासमोर मांडलेली नसते. कोणत्या गावी, कधीपासून, किती वर्षं, तिथे तिच्या नोकरीचं काय होणार आणि नाही जमलं तर काय करायचं, यातलं काहीही न सांगता 'तयारी' विचारली जाते. वाक्याच्या शेवटचा तो 'ना' तर उत्तरही तिच्या तोंडी घालून मोकळा होतो.

दबावाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा आवाजाचा विचार करतो. कोणी दरडावलं नाही, रडारड झाली नाही, म्हणजे दबाव नव्हता, असं घरचे मनापासून मानतात. पण दबाव मोजायचा असेल तर नाही म्हटल्यास त्या व्यक्तीचं काय जातं, ते पाहावं. पहिल्या फोनवर नाही म्हटलं तर काही जात नाही. बैठक होऊन याद्या झाल्यावर नाही म्हटलं तर दोन घरांची नाचक्की होते. साखरपुडा झाला, हॉलचं बुकिंग झालं, केळवणं सुरू झाली की त्यानंतर कितीही मृदू आवाजात विचारा, "तुझी इच्छा असेल तरच हं", त्या प्रश्नाला एकच उत्तर उरलेलं असतं. म्हणून हा विषय पत्रिका आणि फोटो झाल्यावर, दोघांच्या पहिल्या किंवा दुसऱ्या स्वतंत्र भेटीत निघायला हवा. बैठकीच्या आधी, आणि मोठी माणसं समोर नसताना. आईवडिलांसमोर मुलगी 'मला इथेच राहायचं आहे' म्हणाली तर ते तिच्या संस्कारांवर जातं, आणि मुलगा 'मी परत येणार नाही' म्हणाला तर त्याच्या आईचा चेहरा उतरतो. मग दोघंही सोयीचं बोलतात.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. माणसं कल्पित आहेत, पण परिस्थिती आपल्याकडच्या अनेक घरांनी पाहिलेली आहे. मुलगी २७ वर्षांची, नाशिकची, दंतवैद्य. एका क्लिनिकमध्ये काम करते आणि दोन वर्षांत कॉलेज रोडकडे स्वतःचा दवाखाना काढायचा तिचा विचार आहे. मुलगा ३० वर्षांचा, चिंचवडचा, आता टेक्सासमध्ये डॅलसजवळ एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. बायोडेटावर लिहिलं आहे, 'यूएस सेटल्ड'.

या दोन शब्दांत पाच वेगवेगळ्या अवस्था लपू शकतात. मुलगा शिक्षणाच्या व्हिसावर असेल, शिक्षण संपवून तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर असेल, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल, कंपनीने बदलीवर पाठवलेला असेल किंवा त्याच्याकडे ग्रीन कार्ड असेल. प्रत्येक अवस्थेत बायकोच्या वाट्याला येणारं आयुष्य वेगळं. विद्यार्थ्याच्या पत्नीला तिथे नोकरी करता येत नाही आणि पदवीचं पूर्णवेळ शिक्षणही घेता येत नाही. कंपनीच्या बदलीवर, म्हणजे एल-१ व्हिसावर गेलेल्याच्या पत्नीला नोकरीची मुभा असते. मधली, आणि आपल्याकडच्या स्थळांत सगळ्यात जास्त आढळणारी अवस्था एच-१बीची. आपल्या उदाहरणातला मुलगा त्याच व्हिसावर आहे आणि त्याचं दुसरं वर्ष चालू आहे.

एच-१बीवर असलेल्याच्या पत्नीला एच-४ व्हिसा मिळतो. त्यावर तिला तिथे राहता येतं आणि पूर्णवेळ शिकता येतं, पण फक्त त्या व्हिसाच्या जोरावर कमावता येत नाही. कामाचा वेगळा परवाना लागतो. ही सोय २०१५च्या मे महिन्यापासून सुरू झाली आणि तिला अट आहे: नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतला आय-१४० हा अर्ज मंजूर झालेला हवा, किंवा त्या प्रक्रियेमुळेच त्याचा एच-१बी नेहमीच्या सहा वर्षांच्या मर्यादेपुढे वाढलेला हवा. आय-१४० कंपनी भरते. त्याच्या आधी कामगार खात्याकडून एक मंजुरी आणावी लागते आणि तिलाच वर्षाहून जास्त काळ जाऊ शकतो. कंपनीने प्रक्रिया सुरूच केली नाही तर वाट पाहण्याला शेवट नाही. मुलगा दुसऱ्या वर्षात आहे आणि कंपनीने अजून काही केलेलं नाही, याचा सरळ अर्थ असा की लग्न करून गेल्यावर पहिली दोन वर्षं तरी मुलीला पगाराचं काम करता येणार नाही, कदाचित त्याहून जास्त. नोकरीचा परवाना नाही म्हणून तिला सोशल सिक्युरिटी नंबरही मिळणार नाही. बँकेचं क्रेडिट, मोबाइलची जोडणी अशा साध्या व्यवहारांत तिला नवऱ्याच्या नावाचा आधार घ्यावा लागेल. 'घरबसल्या भारतातल्या कंपनीचं काम करेन' असं अनेक जणी धरून चालतात, पण ते कायद्याच्या दृष्टीने जोखमीचं आहे. तिथल्या इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय त्यावर घराचं गणित मांडू नये.

ती दंतवैद्य असल्यामुळे कोडं आणखी एका पायरीने वाढतं. अमेरिकेत भारतीय बीडीएसच्या पदवीवर सहसा दवाखाना काढता येत नाही. परवाना प्रत्येक राज्य देतं, आणि बहुतेक राज्यांना तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजातलं शिक्षण लागतं. परदेशी दंतवैद्यांसाठी दोन ते तीन वर्षांचे खास अभ्यासक्रम असतात. त्यांच्या जागा थोड्या आणि फी अशी की एकूण खर्च दीड-दोन लाख डॉलरपर्यंत जाऊ शकतो. त्याशिवाय राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा आहेच. म्हणजे नाशिकमध्ये आज पेशंटचे दात काढणारी मुलगी डॅलसला गेल्यावर पुन्हा खुर्चीपाशी उभी राहायला पाच-सहा वर्षं सहज लागू शकतात. अशक्य नाही, अनेक जणींनी केलेलं आहे. पण 'तयारी आहे ना' या प्रश्नात यातलं काय होतं?

हे सगळं मुलीने शोधून काढायचं, अशी आपल्याकडची रीत पडली आहे. मला ती उलटी वाटते. जो दुसऱ्याला हलायला सांगतो आहे, त्याने आधी आपली बाजू पूर्ण मांडावी. मुलाकडे कागद आहेत, त्याला तारखा माहीत आहेत, कंपनीच्या एचआरला एक मेल टाकून तो विचारू शकतो. तेव्हा दुसऱ्या भेटीत त्याने साधारण असं बोलावं:

"मी एच-१बीवर आहे, दुसरं वर्ष चालू आहे. कंपनीने ग्रीन कार्डचं अजून सुरू केलेलं नाही, पुढच्या वर्षी करू म्हणतात, पण लेखी काही नाही. तू आलीस तर पहिली दोन वर्षं तरी तुला कमावता येणार नाही. डेंटिस्टचं पुन्हा शिकावं लागेल, त्याची फी आजच्या घडीला मला एकट्याला झेपणारी नाही, कर्ज काढावं लागेल. माझी नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांत दुसरी शोधावी लागते किंवा देश सोडावा लागतो. मला स्वतःला अजून पाच वर्षं तरी तिथे राहायचं आहे. तुला यातलं काय जमण्यासारखं वाटतं, ते आज सांगू नकोस. नाही जमलं तर मला वाईट वाटेल, पण ते मी माझ्या घरी नीट सांगेन, तुझ्यावर येणार नाही."

या बोलण्यात कुठेही आर्जव नाही की धमकी नाही. त्यात उत्तरासाठी वेळ आहे, आणि मुलगी नाही म्हणाली तर पुढे काय होईल हेही सांगून टाकलेलं आहे. शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण नकाराची किंमत त्या वाक्यानेच खाली येते. एच-१बीच्या मंजुरीचा जो कागद असतो, आय-७९७, त्यावर नाव, कंपनी आणि मुदत छापलेली असते. मुलाने तो आपणहून दाखवावा. मुलीकडच्यांनी मागितला तर 'आमच्यावर विश्वास नाही का' असं वाटण्याचं कारण नाही. लग्नानंतर एच-४साठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागणारच आहे, तेव्हा कागदांची देवाणघेवाण दोन महिने आधी सुरू झाली इतकंच.

देश बदलला की उत्तर बदलतं, म्हणून 'परदेश' हा एकच शब्द वापरून प्रश्न विचारू नये. जर्मनीत ब्लू कार्डवर असलेल्या माणसाच्या पत्नीला पोचल्यापासून नोकरीचा हक्क असतो आणि येण्याआधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही. पण तीच नाशिकची दंतवैद्य तिथे गेली तर पेशंटशी बोलण्याइतकं वैद्यकीय जर्मन तिला सिद्ध करावं लागेल आणि व्यवसायाचा परवाना वेगळा मिळवावा लागेल. एका ठिकाणी अडथळा व्हिसाचा, दुसऱ्या ठिकाणी भाषेचा. हे नियम बदलतातही, म्हणून नात्यातल्या कोणाच्या सात वर्षांपूर्वीच्या अनुभवावर न थांबता त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर त्या आठवड्यात पाहून घ्यावं.

परदेशाचा प्रश्न निदान व्हिसाच्या निमित्ताने चर्चेला येतो. देशातल्या देशात हलण्याचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारतच नाही, कारण पुणे काय नि बंगळुरू काय, असं सगळे धरून चालतात. सातारा जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिकेचं उदाहरण घ्या. तिची नोकरी जिल्ह्याच्या आस्थापनेवर असते. नवरा पुण्यात असेल तर तिला आंतरजिल्हा बदलीची रांग धरावी लागते. पती-पत्नी एकत्रीकरणाची सवलत आहे, पण ती जोडीदार सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असेल त्यांच्यासाठी. नवरा खाजगी कंपनीत असेल तर त्या सवलतीच्या भरवशावर राहता येत नाही. बदली झाली तरी नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता गमवावी लागते आणि यादीत तळाशी जावं लागतं. नवरा बंगळुरूला असेल तर राज्याबाहेर अशी बदलीच नाही, राजीनामा द्यावा लागतो. टीईटी, मग भरतीची परीक्षा, मग नेमणुकीची वाट, असं करून मिळवलेली नोकरी सोडायची की नाही, हा प्रश्न चहाच्या कपावर "तसं बघू पुढे" म्हणून सोडवण्यासारखा नाही.

इथे मला मुलांकडे वळायचं आहे. याच शिक्षिकेने कार्यक्रमात विचारलं, "तुम्ही साताऱ्याला याल का?" तर खोलीत शांतता पसरते. मुलाचं काम लॅपटॉपवर चालत असेल, आठवड्यातून दोनच दिवस त्याला ऑफिसला जावं लागत असेल, तरी त्याने बायकोच्या गावी जाणं म्हणजे घरजावई होणं, असं कुठेतरी मनात बसलेलं आहे. पण हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला गेला नाही तर तो प्रश्न राहत नाही, ती अट होते. आणि अट असेल तर तीही चालेल, फक्त ती अट म्हणून सांगावी. 'माझं बंगळुरू सोडणं शक्य नाही, आईचं ऑपरेशन झालं आहे आणि ती माझ्याकडे आहे', असं सरळ सांगणारा मुलगा मला प्रामाणिक वाटतो. मुलीला निदान समोर काय आहे ते कळतं. ठरवून बसायचं आणि 'तुझं मत काय' असं विचारायचं, यात मात्र तिची फसवणूक आहे.

परत येण्याचं आश्वासन हाही याच विषयाचा भाग आहे. 'पाच वर्षांत परत येणार' हे वाक्य परदेशातला मुलगा अनेकदा मनापासूनच बोलतो. मुलीच्या आईला त्याने धीर येतो. पण ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांची प्रतीक्षा नोकरीच्या बहुतेक प्रकारांत खूप लांबते, काहींची दशकांवर जाते, आणि रांगेत इतकी वर्षं घालवली की ती सोडवत नाही. मूल शाळेत जाऊ लागलं की मराठी शाळा, सीबीएसई, आजीआजोबा या सगळ्याची गणितं नव्याने सुरू होतात. म्हणून 'परत येणार का' असं विचारू नये. 'परत यायचं ठरलं तर कोणत्या गोष्टीवरून ठरेल' असं विचारावं. वडिलांचं आजारपण? ठरावीक बचत? मुलाचं पहिलीचं वर्ष? ज्याने खरोखर विचार केला आहे, त्याच्याकडे यातलं एखादं उत्तर असतं. ज्याच्याकडे फक्त वर्षांचा आकडा आहे, त्याने अजून विचार केलेला नाही, असं धरावं.

उत्तर कसं ऐकायचं, हेही शिकावं लागतं. आपल्याकडे नाही म्हणण्याच्या फार सभ्य पद्धती आहेत. "बघू", "तसं काही नाही", "तुम्ही म्हणाल तसं", "घरचे ठरवतील". यांतलं एकही उत्तर हो नाही. खरा होकार बहुधा प्रश्न घेऊन येतो. ज्या मुलीने डॅलसचा खरोखर विचार केला, ती विचारेल की अभ्यासक्रमाचं कर्ज कोणाच्या नावावर असेल, पहिली दोन वर्षं माझ्या हातात महिन्याला किती पैसे असतील, मला गाडी शिकायला कोण नेईल, आई आजारी पडली तर तिकिटाला पैसे मागावे लागतील का. असे प्रश्न आले की मुलाकडच्यांनी नाराज होऊ नये, 'फार चौकस आहे' असं म्हणू नये. ती येण्याचा विचार करते आहे म्हणून तर विचारते आहे. उलट, एकही प्रश्न न विचारता आलेला झटपट होकार मुलाने परत तिच्याकडे न्यावा आणि म्हणावं, "आठवडाभर थांब, पुन्हा बोलू." थांबल्यावर उत्तर बदललं तर ते दोघांच्याही भल्याचं आहे.

बोलणं झाल्यावर दोघांनी आपल्याला काय समजलं ते चार ओळींत एकमेकांना लिहून पाठवावं, साधा व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज पुरतो. करारनामा म्हणून नव्हे. 'दोन वर्षं' म्हणताना एकाने लग्नापासून धरलेली असतात आणि दुसऱ्याने व्हिसा मिळाल्यापासून, हे लिहिल्यावरच लक्षात येतं. 'मी प्रयत्न करेन' आणि 'मी येईन' यांतला फरकही लिहितानाच दिसतो. एक ओळ अशीही असावी: परिस्थिती बदलली, कंपनीने प्रक्रिया सुरू केली नाही किंवा तिला तिथे रुजता आलं नाही, तर हा विषय पुन्हा कधी काढायचा. साधारण वर्षभराने, असं आधीच ठरलेलं असलं की विषय काढणं म्हणजे भांडण काढणं होत नाही.

आपल्या उदाहरणातल्या मुलीने आठवडाभर विचार केला. तिने एका मैत्रिणीच्या वहिनीशी फोनवर बोलून अभ्यासक्रमाची चौकशी केली, आईशी बोलली, आणि मुलाला कळवलं की दवाखान्याचं स्वप्न सहा वर्षं पुढे ढकलायला ती तयार नाही. त्याने एकदा विचारलं, "मी तीन वर्षांत परत आलो तर?" तिने विचारलं, "येशील, असं तुला आज वाटतं का?" तो नाही म्हणाला. इथे दोघांनी थांबणं योग्यच होतं.

पुढचं काम मुलाचं. आपल्याकडे स्थळ नाकारताना 'पत्रिका जमत नाही' असं सांगण्याची जुनी वहिवाट आहे. कोणाचं मन दुखावू नये म्हणून ती ठीक असेल, पण या बाबतीत तिचा तोटा होतो. मुलाच्या घरी खरं कारण कळत नाही, आणि पुढच्या स्थळाला पुन्हा तोच 'तयारी आहे ना' विचारला जातो. शिवाय मधल्या काकू मुलीच्या आईला फोन करून 'एवढं चांगलं स्थळ घालवलंत' म्हणायला मोकळ्या होतात. तेव्हा मुलाने घरी आणि मध्यस्थांनाही स्वतः सांगावं की राहण्याच्या ठिकाणावर आमचं दोघांचं जमलं नाही, मुलगी चांगली होती, स्पष्ट बोलली. आणि पुढच्या बायोडेटातून 'यूएस सेटल्ड' काढून तिथे लिहावं: एच-१बी, दुसरं वर्ष, ग्रीन कार्डची प्रक्रिया अद्याप सुरू नाही, किमान पाच वर्षं टेक्सासमध्ये राहण्याचा विचार.